‘तेन्मोऴि’ म्हणायला शिकताना

चेंबूरमधल्या एखाद्या जुन्या इमारतीची लिफ्ट डोळ्यांसमोर आणा. तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाई आत आहेत. आपण हसतो, त्या हसतात. आपण विचारतो, “नवीन आलात ना? नाव काय तुमचं?” त्या नाव सांगतात, त्याच क्षणी जाळीचा दरवाजा खडखडतो, लिफ्टमधली ती रेकॉर्ड केलेली बाई “कृपया दरवाजा बंद करें” म्हणायला लागते आणि आपल्या कानात जेमतेम “ते…ई” एवढंच उरतं. आपण “अच्छा, अच्छा” म्हणतो. तळमजला येतो. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक नवं नाव दिसतं, `Thenmozhi`. आपण ते मनात वाचतो, ‘थेनमोझी’, आणि ते तसंच डोक्यात बसतं.

या नावात थ नाही आणि झही नाही. तमिळमध्ये ‘तेन्’ म्हणजे मध आणि ‘मोऴि’ म्हणजे भाषा, बोली. मधासारखं जिचं बोलणं गोड ती तेन्मोऴि. तमिळ घरांमध्ये हे नाव चांगलं रुळलेलं आहे. माटुंगा, धारावी, चेंबूर, सायन या भागांत तमिळ घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तेव्हा आयुष्य मुंबईत काढणाऱ्या मराठी माणसाला असं एखादं नाव कधी ना कधी भेटतंच. परकं नाव पहिल्या भेटीत पुन्हा विचारून नीट तोंडी बसवायचं कसं, ते या एका नावावरून पाहू. यात मराठी माणसाच्या वाटेत येणारे जवळजवळ सगळे खड्डे आहेत, आणि मराठी असण्याचा एक मोठा फायदाही आहे.

आधी, नाव पहिल्यांदा कानावरून का निसटतं ते पाहू. लिफ्टचा आवाज हे अर्धंच कारण. 1973 साली माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसं एकत्र बसलेली, प्रत्येकाने पाळीपाळीने एकेक शब्द मोठ्याने वाचायचा, आणि नंतर कुणाला कोणते शब्द आठवतात ते बघायचं. आपली पाळी येण्याच्या अगदी आधी वाचले गेलेले शब्द लोकांना सर्वांत कमी आठवले. त्या वेळी प्रत्येकाचं मन ‘आता मी वाचणार’ याच्या तयारीत गुंतलेलं होतं. ओळख करून देण्याघेण्याचा प्रसंग हुबेहूब असाच असतो. समोरची व्यक्ती नाव सांगत असते तेव्हा आपण आपलं नाव, आपला मजला, ‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य, सगळं जिभेवर तयार ठेवून उभे असतो. ओळखीचं नाव असेल तर निभावतं. ‘सुनीता’ अर्धवट ऐकू आलं तरी मन ते पुरं करतं. ‘तेन्मोऴि’ पुरं करायला मनात साचाच नसतो.

म्हणून पहिली गोष्ट ही की नाव विचारल्यावर आपलं नाव लगेच पुढे करायचं नाही. त्यांचं नाव ऐकायचं, ते आपण म्हणून दाखवायचं, त्यांनी ठीक म्हटलं की मग आपलं सांगायचं. हा क्रम पाळला की मधले दोन-तीन सेकंद फक्त त्यांच्या नावासाठी मोकळे राहतात. ऐकताना नजर त्यांच्या ओठांकडे असू द्यावी. ओठ मिटले की तिथे म, प किंवा ब आहे हे दिसतं आणि नाव कुठे जोडलंय ते कळतं. ‘तेन्मोऴि’मध्ये ओठ एकदाच मिटतात, मधल्या म वर.

नाव नीट कळलं नसेल तर पुन्हा विचारायची वेळ तिथल्या तिथे, पहिल्या मिनिटातच. या मिनिटात विचारण्याचं कुणालाच काही वाटत नाही. पंधरा मिनिटं गप्पा झाल्या की तेच विचारायला धीर लागतो, आणि तीन महिन्यांनी तर माणसं जिना बदलतात पण विचारत नाहीत. दादरच्या फलाटावर फास्ट लोकलची घोषणा चालू असताना मात्र विचारू नये. तेव्हा तीनदा विचारलं तरी तीनदा चुकीचंच ऐकू येणार आणि त्या बिचाऱ्या ओरडून दमणार. गाडी जाऊ द्यावी, लिफ्टमधून बाहेर पडावं, आणि मग थांबून म्हणावं, “ताई, तुमचं नाव पुन्हा एकदा सांगाल का? मघाशी मला नीट ऐकू आलं नाही, आणि मला ते बरोबर म्हणायचंय.” हिंदीत बोलणं चाललं असेल तर, “नाम एक बार फिर से बोलेंगी? मुझे ठीक से बोलना है.” या वाक्याचे दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत. पहिल्या भागात कमतरता आपल्या कानाची आहे हे येतं. दुसऱ्यात विचारण्याचं कारण येतं, त्यामुळे ही चौकशी पोलिसी वाटत नाही.

“काय?” एवढंच तुटक विचारलं तर समोरची व्यक्ती तेच नाव जोरात सांगते, नीट सांगत नाही. “बापरे, अवघड नाव आहे हो” म्हटलं की त्यांना कळतं की आपल्याला ते नकोय, आणि त्या स्वतःच एखादं छोटं नाव पुढे करून मोकळ्या होतात. “म्हणजे काय?” हेही आधी नको. अर्थ जरूर विचारावा, तो लक्षात ठेवायला फार मदत करतो, पण आवाज हाती लागल्यानंतर. आधी अर्थ कळला की मन ‘मध, भाषा’ जपून ठेवतं आणि नाव सोडून देतं.

सगळ्यांत मोठी चूक होते ती “स्पेलिंग सांगा” म्हणण्यात. ऑफिसात, बँकेत, दवाखान्याच्या काउंटरवर ही आपली सवयच झालेली असते. स्पेलिंग फॉर्म भरायला लागतं, उच्चाराला त्याचा उपयोग नाही, उलट त्याने नाव बिघडतं. आपणा मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. Parel लिहिलेलं पाहून नवखा माणूस ‘परेल’ म्हणतो आणि Byculla वाचून ‘बायकुला’. परळ आणि भायखळा ज्याने कानाने शिकले त्यालाच ते येतात. तमिळ, मल्याळी, तेलुगू, कन्नड नावं रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे. आपण `t` त साठीही वापरतो आणि ट साठीही. दक्षिणेत साधारणपणे `t` म्हणजे ट आणि `th` म्हणजे त. त्यामुळे `Latha` लताच असते, `Geetha` गीता, `Karthik` कार्तिक आणि `Sunitha` म्हणजे आपली सुनीताच. त्यांना ‘लथा’, ‘गीथा’ म्हणणं ही वाचनातली चूक आहे. ज्या बाईचं नाव खुद्द आपल्याच आत्याचं नाव आहे, तिला आपण ‘सुनीथा’ करून ठेवतो. `Senthil` हे पुरुषाचं नाव तर आणखी एक पायरी पुढचं आहे. तमिळमध्ये न् नंतर आलेल्या त चा उच्चार द होतो, म्हणून कानाला ते ‘सेंदिल’ असं येतं. स्पेलिंगवरून कुणी जन्मात तिथे पोचणार नाही.

तेव्हा `Thenmozhi` मधला पहिला खड्डा मिटला. तो साधा त आहे, ‘तेल’मधला.

दुसरा खड्डा `zh`. या आवाजासाठी रोमन लिपीत अक्षर नाही, म्हणून कुणीतरी `z` आणि `h` एकत्र आणले आणि तेच रूढ झालं. तमिळमध्ये त्याचं अक्षर ழ, मल्याळममध्येही तो आवाज आहे. `Kozhikode` मध्ये तोच, `Alappuzha` मध्ये तोच, आणि खुद्द त्या भाषेच्या नावात, ‘तमिऴ’मध्ये, शेवटी तोच. आपण मराठीत ‘तमिळ’ म्हणतो, हिंदीत ‘तमिल’ होतं. आपलं जास्त जवळचं आहे. मराठीत ळ आहे हा तो मघाशी म्हटलेला फायदा. ज्या भाषांच्या तोंडात ळ नाही त्यांना इथपर्यंत यायलाच कष्ट पडतात. आपण मात्र बाळ, केळं, सकाळ म्हणत मोठे झालेलो असतो, तरीही `zh` दिसला की झ कडे धावतो. जो आवाज कानाने ऐकला असता तर आपल्याला जवळजवळ फुकट मिळाला असता, तो डोळ्यांनी वाचल्यामुळे हुकतो.

जवळजवळ म्हटलं, कारण ऴ म्हणजे अगदी ळ नव्हे. ‘बाळ’ हा शब्द हळू म्हणून पाहा. ळ ला जिभेचं टोक मागे वळतं, वर टाळूला टेकतं आणि फटकन खाली येतं. आता पुन्हा ‘बा’ म्हणा, जीभ तशीच मागे वळवा, पण टाळूला टेकू देऊ नका. कागद सरकेल एवढी फट ठेवा आणि आवाज चालू ठेवा. जो घोगरा, लांबट, र आणि ळ यांच्या मधला आवाज येतो तो ऴ. बरोबर जमला की नाही हे ओळखायची सोपी खूण आहे. तो श्वास पुरेल तोवर धरून ठेवता आला पाहिजे, तीन-चार सेकंद सहज. मध्येच जिभेची टिचकी ऐकू आली तर टोक टाळूला लागलं, म्हणजे ळ झाला. आवाज थरथरला तर जीभ पुढे आली आणि र झाला. धरता आला की त्याच्यापुढे ऱ्हस्व इ जोडायची, ‘ऴि’. मग आधी ‘मो’. मग सगळं. शेवटाकडून सुरुवातीकडे बांधत आणलं की जीभ अडखळत नाही, कारण प्रत्येक वेळी ती नव्याकडून सवयीच्या भागाकडे जात असते. आरशासमोर पाच मिनिटं पुरतात. सलग अर्धा तास केलं तर जीभ दमते आणि पुन्हा ळ वर येते.

पाच मिनिटं करूनही न जमलं तर सरळ ळ म्हणावा, ‘तेन्मोळी’. तमिळ कानाला तो शेजारच्या घरचा आवाज आहे. नाव ओळखू येतं आणि बोचत नाही. झ मात्र परक्या गावचा आहे. मराठीत लिहितानाही कनिमोळी हे कनिमोझीपेक्षा जवळचं रूप आहे.

इथे एक अडचण खरी आहे आणि ती मान्य करायला हवी. काही वेळा आपल्याला फरक ऐकूच येत नाही. कान चांगले असले तरी येत नाही. 1984 साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांवर केलेलं संशोधन या बाबतीत प्रसिद्ध आहे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या त आणि ट मधला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांपर्यंत तो बहुतेकांचा गेला होता, कारण त्यांच्या घरच्या भाषेला तो फरक लागत नाही. आपल्याला त आणि ट एकच कसे वाटू शकतात हेच समजत नाही. पण तमिळ माणसाच्या ऴ आणि ळ बाबतीत आपली गत नेमकी त्या बाळांसारखी असते. ती सांगते ‘ऴि’, आपल्याला ऐकू येतो ‘ळी’, आपण ‘ळी’ म्हणतो आणि मनापासून वाटतं की तिने म्हटलं तेच आपण म्हटलं.

म्हणून “बरोबर म्हटलं ना मी?” हा प्रश्न फारसा कामाचा नाही. त्याचं उत्तर जवळजवळ नेहमी “हो हो” असंच येतं. माणसं सभ्य असतात, नव्या शेजाऱ्याला पहिल्याच दिवशी ‘चूक’ म्हणत नाहीत. त्याऐवजी दोन पर्याय आपणच म्हणून दाखवावेत आणि निवडायला सांगावं. “तेन्मोझी की तेन्मोळी? कुठलं जवळचं?” आता त्यांना आपल्याला चूक ठरवायचं नसतं, फक्त एकाकडे बोट दाखवायचं असतं. त्या म्हणतील, “दुसरं. पण थोडं असं…” आणि स्वतः पुन्हा म्हणून दाखवतील. या ‘थोडं असं’मध्येच आपल्याला हवं ते असतं. मग विचारावं, “जीभ वर टेकते का?” बहुतेकांनी आपल्या जिभेकडे कधी लक्ष दिलेलं नसतं. त्या क्षणभर थांबतात, स्वतःशी पुटपुटून बघतात आणि हसून सांगतात, “नाही, टेकत नाही.” एवढ्या संभाषणाला अर्धा मिनिट लागतो.

उत्तरातल्या खुणा ओळखता आल्या पाहिजेत. आपण म्हटल्यावर त्या लगेच पुढच्या विषयाकडे वळल्या, तर बहुधा जमलं. त्यांनी नाव पुन्हा एकदा, आधीपेक्षा हळू म्हटलं, तर जमलेलं नाही, त्या न बोलता दुरुस्त करत आहेत. आणि त्या “चालेल, चालेल” म्हणाल्या तर त्यांनी आशा सोडली आहे. ‘चालेल’ हा मुंबईतला फार उदार शब्द आहे, पण नावाच्या बाबतीत तो ऐकून थांबायचं नसतं. तेव्हा एकदाच म्हणावं, “चालेल नको, बरोबर सांगा, मी शिकते.” तरीही नाही जमलं तर तिथेच सोडावं. एका भेटीत तीन प्रयत्न भरपूर झाले. चौथ्यापासून ती ओळख राहत नाही, शिकवणी होते, आणि दुधाची पिशवी हातात घेऊन उभ्या असलेल्या बाईंना आपण दारात अडकवून ठेवतो. “उद्या भेटल्यावर पुन्हा विचारीन हं” म्हणून निघावं, आणि उद्या खरंच विचारावं.

हळू सांगण्याचा एक तोटाही आहे. कुणी नाव तोडून सांगितलं, ‘तेन… मो… ऴी’, की प्रत्येक तुकडा सारखाच लांब होतो. खऱ्या नावात तसं नसतं. तमिळमध्ये ए आणि ओ यांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन रूपं आहेत. इथे ‘ते’ दीर्घ आहे, चांगला ताणलेला, ‘मो’ ऱ्हस्व आहे, झटक्यात संपणारा, आणि शेवटची इ सुद्धा ऱ्हस्व. आपण नेमकं उलट करतो. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा नियम आहे, त्यामुळे जिभेलाही शेवटी ‘ळी’ करून टेकायची सवय आहे. म्हणून तुकडे ऐकल्यावर एकदा तरी संपूर्ण नाव नेहमीच्या वेगात ऐकायला मागावं. “आता घरी जसं म्हणतात तसं एकदा म्हणा.” या वाक्याचा दुसराही उपयोग आहे. मुंबईत वाढलेली किंवा इथे वर्षानुवर्षं नोकरी केलेली माणसं बाहेरच्यांसाठी नावाचं एक सोपं रूप तयार ठेवतात. फोनवर, रिक्षात, कुरिअरवाल्याला तेच सांगतात. आपल्यालाही पहिल्यांदा तेच मिळण्याची शक्यता असते. घरचं विचारलं की खरं बाहेर येतं.

आणि घरचं जे येईल ते शेवटचं, पुस्तकातलं नव्हे. तमिळनाडूच्या अनेक भागांत बोलताना ऴ आणि ळ यांच्यात फरक उरलेला नाही, तिथली माणसं दोन्हीकडे ळ च म्हणतात. चेन्नईच्या बोलीत काही जण त्याचा य करतात. तेव्हा आरशासमोर कमावलेला ऴ घेऊन आपण गेलो आणि त्या स्वतः ‘तेन्मोळि’ म्हणत असल्या, तर आपणही तेच म्हणायचं. त्यांच्या नावाचा उच्चार त्यांनाच दुरुस्त करून दाखवणं हा चुकीच्या उच्चारापेक्षा मोठा उद्धटपणा आहे. त्या म्हणाल्या की “मला सगळे तेनू म्हणतात, तेच आवडतं”, तर तेनू. फक्त ते आखूड नाव त्यांच्याकडून आलेलं असावं, आपण सोयीसाठी पाडलेलं नसावं.

नाव हाती आलं की ते घरी जाईपर्यंत टिकवायचं असतं. त्याच भेटीत दोनदा ते वाक्यात वापरावं, एकदा लगेच आणि एकदा निरोप घेताना. अधिक वेळा वापरलं तर विमा विकणाऱ्यासारखं वाटतं. मग एकटं झाल्यावर फोनमध्ये नाव देवनागरीत लिहावं. रोमनमध्ये लिहिलं की पुढच्या वेळी डोळे पुन्हा ‘थेनमोझी’च वाचणार. देवनागरीत या आवाजासाठी स्वतंत्र अक्षर आहे, ऴ, म्हणजे खाली नुक्ता दिलेला ळ. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक `U+0934`. कीबोर्डवर थेट सापडलं नाही तर ळ टाइप करून पुढे नुक्ता `़` द्यायचा, तेच अक्षर तयार होतं. तेही नको असेल तर ‘तेऽन्मोळि’ असं लिहिलं तरी पुष्कळ झालं. ते अवग्रहाचं चिन्ह ‘ते’ ताणायची आठवण देतं. ओळख वाढल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर नावापुरता दोन सेकंदांचा व्हॉइस मेसेज मागायलाही हरकत नाही. लोक तो आनंदाने पाठवतात.

आता एक खास मराठी अडचण. आपण नाव नुसतं क्वचित म्हणतो. त्याला सतत काहीतरी जोडतो: तेन्मोऴिला सांग, तेन्मोऴिनं आणलंय, तेन्मोऴिचं कुरिअर आलंय, तेन्मोऴिताई आहेत का घरी? नुसतं नाव सुंदर जमलेलं असतं आणि ‘ला’ लागला की सगळा जोर त्या प्रत्ययावर जातो, ऴ चा ळ होतो, किंवा घाईत पुन्हा झ. ‘ला’ तर जास्तच त्रास देतो, कारण ल साठी जीभ पुढे दातांकडे पळते आणि मागे वळलेलं टोक अर्ध्यावरच सुटतं. त्यामुळे सराव नुसत्या नावाचा करून भागत नाही, ला, नं, चं आणि ताई या चारींसह करावा लागतो. बारा महिने उच्चार बरोबर करणारी माणसंसुद्धा “तेन्मोऴिला विचारा” म्हणताना घसरतात ती इथेच.

आडनावाबद्दल थोडंसं. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन घरं ठरलेली असतात आणि सोसायटीच्या फॉर्मवरही तीच तीन घरं असतात. तमिळ नावांना बऱ्याचदा आडनाव नसतंच, नावाआधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं. एम. के. स्टॅलिन यांच्या नावातला के म्हणजे करुणानिधी, त्यांचे वडील, आणि एम म्हणजे मुत्तुवेल, आजोबा. स्टॅलिन हे त्यांचं स्वतःचं नाव. तेव्हा आद्याक्षर उलगडून ‘अमुक मॅडम’ अशी हाक मारली तर आपण त्या बाईंना त्यांच्या वडिलांच्या नावाने हाक मारत असतो. आडनाव विचारून “नाही” असं उत्तर आलं तर तेच उत्तर आहे, खोदून विचारू नये. काही घरं आडनाव लावतात, पण ते त्यांनी सांगावं.

चूक होणारच. पंधरा दिवसांनी गडबडीत तोंडातून ‘थेनमोझी’ निघालं तर तिथेच, त्याच श्वासात “तेन्मोऴि” म्हणावं आणि वाक्य पुढे न्यावं. “अय्या सॉरी, कशी मी, किती वेळा सांगितलंत तुम्ही” अशी लांबण लावली की त्या बाईंना आपली समजूत घालत बसावं लागतं. दुसरं कुणी चुकत असेल तर त्याला तिथल्या तिथे धडा देण्याची गरज नाही. मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, “थेनमोझी मॅडमचं लीकेज…”, तर आपण आपल्या वाक्यात म्हणायचं, “हो, तेन्मोऴिताईंच्या बाथरूमचं मी पाहिलंय, वरूनच येतंय पाणी.” दोन-तीन मीटिंगांत कान आपोआप तिकडे वळतात. सेक्रेटरी तरीही वळले नाहीत तर नंतर जिन्यात एकट्याने सांगावं.

आणि वर्ष उलटून गेलं असेल, रोज भेट होत असेल, त्यांनी दिलेल्या इडलीच्या पिठाचा डबाही परत गेलेला असेल आणि अजून नाव धड येत नसेल तर? तरीही विचारता येतं. “इतके दिवस मी तुमचं नाव चुकीचं घेतेय असं मला वाटतं. एकदा नीट सांगाल?” वर्षभर ‘तिसऱ्या मजल्यावरच्या अम्मा’ किंवा ‘त्या मद्रासी भाभी’ म्हणत राहण्यापेक्षा हे एक अवघडलेलं मिनिट पुष्कळ बरं. मद्रास हे नावसुद्धा 1996 मध्ये बदलून चेन्नई झालं, आणि त्या बाई कदाचित मदुराईच्या असतील.

राहता राहिला तळमजल्यावरचा बोर्ड, तो पत्रपेट्यांच्या वरचा, प्रत्येक खोलीसमोर एकेक नाव असलेला. तो रंगवायला पेंटर येतो तेव्हा त्याच्या हातात रोमनमधली यादी दिली जाते आणि तो वाचेल तसं देवनागरीत उतरवतो. एकदा ‘थेनमोझी’ रंगलं की पुढचा रंग लागेपर्यंत, म्हणजे आठ-दहा वर्षं, पोस्टमन, गॅसवाला, नवे भाडेकरू, सगळे तेच वाचतात. म्हणून यादी पेंटरकडे जाण्याआधी एक कोरा कागद आणि पेन घेऊन तिसऱ्या मजल्यावर जावं आणि म्हणावं, “ताई, बोर्डावर मराठीत तुमचं नाव असं लिहायचंय. बघा, चालेल ना? ळ खाली टिंब द्यायला सांगू का?”